वाळूचा फिल्टर म्हणजे नक्की कोणता?

नाशिक जिल्ह्यात ठिबकच्या दुकानात जाऊन कोणी ‘वाळूचा फिल्टर द्या’ म्हणालं, तर दुकानदाराने कोणती वस्तू काढून द्यायची हे त्या तीन शब्दांवरून ठरत नाही. एका फिल्टरच्या पोटात वाळूचा जाड थर असतो. पाणी वरून येतं, त्या थरातून खाली झिरपतं आणि शेवाळ, गाळ, काडीकचरा वर अडकून राहतो. दुसऱ्या फिल्टरच्या पोटात काहीच भरलेलं नसतं. त्यात पाणी कडेने जोरात शिरतं, गरगर फिरतं, जड वाळू भिंतीकडे फेकली जाते आणि घसरत खालच्या डब्यात जमा होते. पहिल्यात वाळू आपण भरतो, दुसरा पाण्यातली वाळू काढतो. दोन्हींना ‘वाळूचा फिल्टर’ म्हणणं मराठी म्हणून अगदी बरोबर आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मी सातपूरच्या एका कारखान्यासाठी भाषांतराचं काम करते. तिथे ठिबकचे फिल्टर, व्हॉल्व आणि जोडणीचं बारीकसारीक सामान बनतं. डिझाइन, क्वालिटी आणि स्टोअर या विभागांचा सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवल्याकडचे दुकानदार मराठीत लिहितात. त्यांच्या मेलचं इंग्रजी करायचं, आतून आलेल्या उत्तराचं मराठी करायचं आणि वर्षातून एकदा कॅटलॉग दोन्ही भाषांत जुळवून द्यायचा, असं माझं काम आहे. माझ्याखेरीज आणखी दोघं हे काम करतात, आणि घाईच्या दिवसांत सेल्समधलं कोणीही दुकानदाराला मोबाइलवरून परस्पर उत्तर पाठवतं. म्हणजे एकाच वस्तूबद्दल चार हात लिहितात. या चार हातांनी एकच नाव लिहावं म्हणून आम्ही शब्दांची एक द्विभाषिक यादी ठेवली आहे. ती कशी ठेवतो, हे मला एका प्रकरणाच्या आधाराने सांगायचं आहे.

निफाड तालुक्यातल्या एका दुकानदाराचा मेल आला होता. शेतकऱ्याची विहीर कादवेच्या काठाला, पाण्याबरोबर वाळू येते, ड्रिपर बंद पडतात, तरी पंचवीस घनमीटरचा वाळूचा फिल्टर हवा आहे, भाव आणि डिलिव्हरी कळवा. मजकूर स्पष्ट होता. आत जाताना त्याचं एका ओळीचं इंग्रजी झालं: ताशी पंचवीस घनमीटरचा सँड फिल्टर हवा. विहिरीचा आणि कादवेचा उल्लेख या एका ओळीत बसला नाही. डिझाइन विभागात सँड फिल्टर म्हणजे वाळूचा थर असलेला फिल्टर, यात कोणालाही शंका नसते. त्यांनी त्याचा भाव काढला. तो मराठीत परत गेला तेव्हा उत्तरात लिहिलं होतं, ‘आपल्या मागणीनुसार वाळूच्या फिल्टरचा भाव खालीलप्रमाणे.’ दुकानदाराने वाचलं, त्याला त्याचाच शब्द परत मिळाला, त्याने ऑर्डर दिली.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. भाषांतर तपासायची आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी, की परत मूळ भाषेत आणून पाहायचं, जुळलं की झालं. या प्रकरणात ते तंतोतंत जुळत होतं. मराठीतून इंग्रजीत ‘सँड फिल्टर’, इंग्रजीतून मराठीत ‘वाळूचा फिल्टर’. दोन अर्थांचा शब्द दोन्ही बाजूंनी न अडकता पार होतो आणि प्रत्येकाला आपल्या मनातलीच वस्तू दिसते. त्यामुळे अशी गडबड मजकूर कितीही वेळा वाचून सापडत नाही. ती शेतात सापडते.

शेतात ती अशी सापडली. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर गेज असतात. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून अडकलेला कचरा बाहेर काढायचा. बॅकवॉश झाला की फरक पुन्हा कमी व्हायला हवा. इथे तो दर वेळी थोडा जास्तच राहू लागला. शेवटी झाकण उघडून पाहिलं तर आतल्या वाळूची पातळी भरली होती त्यापेक्षा वर आलेली. नदीची वाळू आतल्या वाळूत मिसळली होती. बॅकवॉशमध्ये थर फुलतो आणि हलका कचरा वाहून जातो. शेवाळ जातं, माती जाते. बाहेरून आलेली वाळू मात्र आतल्या वाळूइतकीच जड, जाडीलाही जवळपास तेवढीच. ती फुलते आणि पुन्हा खाली बसते. शेततळ्याच्या पाण्याला जो फिल्टर उत्तम चालला असता, तो नदीकाठच्या विहिरीवर स्वतःच वाळूने भरत चालला होता. पुढे त्याच्या आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवणारा तो दुसरा फिल्टर, बसवला आणि काम मार्गी लागलं.

या प्रकरणानंतर यादीत पहिल्या दोन नोंदी झाल्या. त्या करताना एक गोष्ट आम्ही नीट ठरवून घेतली, आणि बाकी सगळी यादी तिच्यावर उभी आहे. नोंद वस्तूची करायची, शब्दाची नाही. शब्दकोशासारखं ‘सँड फिल्टर’ लिहून समोर ‘वाळूचा फिल्टर’ लिहिलं असतं, तर तीच गडबड आम्ही नीट टाइप करून जपून ठेवली असती. परिभाषेच्या शास्त्रात हे तत्त्व जुनं आहे. ऑस्ट्रियाचे इंजिनिअर ऑयगेन व्युस्टर यांनी १९६८ साली यंत्रहत्यारांचा इंग्रजी-फ्रेंच कोश केला, तो त्यांनी संकल्पनांच्या क्रमाने लावला होता. परिभाषेच्या कामाची तत्त्वं सांगणारं आयएसओ ७०४ हे मानकही संकल्पनेपासूनच सुरू होतं. आमच्या कारखान्यात संकल्पना हा शब्द कोणी वापरत नाही, पण आयटम कोड सगळ्यांना पाठ असतो. म्हणून ओळीच्या सुरुवातीला आयटम कोड टाकला. वाळूच्या थराचा फिल्टर `MF-25` आणि गरगर फिरवणारा `HC-25`. आता बाकी सगळे शब्द या कोडला टांगलेले आहेत.

कोडच्या शेजारी एक ओळ असते, वस्तू ओळखायची. ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती कॅटलॉगमधून उचलता येत नाही, कारण कॅटलॉगमध्ये ‘उत्कृष्ट गाळण क्षमता’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते सगळ्याच फिल्टरना लागू पडतं. ओळ अशी हवी की ती शेजारच्या वस्तूला लागू पडता कामा नये. `MF-25` समोर आम्ही लिहिलं: आत वाळूचा थर, शेवाळ आणि गाळ अडवतो, शेततळं, कालवा, नदीचं उघडं पाणी यासाठी. `HC-25` समोर: आत काही भरलेलं नाही, पाणी फिरवून वाळू खाली पाडतो, वाळू येणारी विहीर किंवा बोअर यासाठी, शेवाळ अडवत नाही. शेवटचे तीन शब्द डिझाइनच्या माणसाने सांगून घालायला लावले, आणि त्यांचा उपयोग मेल वाचताना सगळ्यात जास्त होतो.

मग नावं. आधी इंग्रजीची बाजू साफ करावी लागली, आणि याची मला सुरुवातीला कल्पना नव्हती. नावं एकसारखी राहत नाहीत म्हटलं की बोट भाषांतराकडे जातं, पण आमच्या इंग्रजी कागदांतच एका वस्तूला सँड सेपरेटर, डिसँडर आणि हायड्रोसायक्लोन अशी तीन नावं होती. दुसऱ्या वस्तूला सँड फिल्टर, मीडिया फिल्टर आणि ग्रॅव्हल फिल्टर. ड्रॉइंगवर एक, भावपत्रकावर दुसरं, बिलावर तिसरं. भाषांतर करणाऱ्याने मूळ मजकुराशी प्रामाणिक राहायचं ठरवलं तर मराठीतही तीन नावं होणारच. निवाड्यासाठी आम्ही भारतीय मानकांकडे गेलो. आयएस १४६०६ हे मानक मीडिया फिल्टरचं आहे आणि आयएस १४७४३ हायड्रोसायक्लोनचं. इंग्रजीत ही दोन नावं पक्की केली आणि बाकीची ‘लिहू नये’ या रकान्यात टाकली. ‘सँड फिल्टर’ हा इंग्रजी शब्दही त्या रकान्यात गेला.

मराठीत मात्र ‘मीडिया फिल्टर’ म्हटलं तर आमच्या भागात कोणाला कळत नाही. पिंपळगावच्या बाजारात उभं राहून विचारलं तर शेतकरी ‘सँड फिल्टर’ म्हणतात, आणि तसं म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ती गोल टाकीच असते. म्हणून मराठी नाव ‘सँड फिल्टर’ ठरलं आणि इंग्रजी नाव मीडिया फिल्टर राहिलं. एकाच शब्दाला इंग्रजीत बंदी आणि मराठीत मान, हे पाहून ऑफिसात एकदोघांना खटकलं. माझ्या मते यात खटकण्यासारखं काही नाही. दोन्ही नावं एकाच कोडकडे जातात, आणि इंग्रजी वाचणारा व मराठी वाचणारा आपापल्या नावाने तीच वस्तू ओळखतात, एवढंच यादीला हवं असतं.

‘वाळूचा फिल्टर’चं काय करायचं? आमच्या बाजूने तो लिहायचा नाही, हे सोपं होतं. कॅटलॉग, मेल, मोबाइलवरचं उत्तर, कुठेच नाही. पण दुकानदार तो लिहिणारच. शेतकरी तसं बोलतो, दुकानदार तसं ऐकतो आणि तसंच टाइप करतो. त्याला ‘असं लिहू नका’ सांगणं हे आमचं काम नाही. म्हणून यादीला दोन बाजू कराव्या लागल्या. बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी प्रत्येक कोडला एकच नाव. आत येणाऱ्या मजकुरासाठी वेगळं पान, त्यावर लोक वापरतात ते सगळे शब्द, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या कोडकडे जाऊ शकतो ते. ‘सायक्लोन’, ‘भोवरा फिल्टर’, ‘हायड्रो’ हे तिन्ही सरळ `HC` कडे जातात. ‘वाळूचा फिल्टर’ दोन कोडकडे जातो. जो शब्द एकाहून जास्त कोडकडे जातो, त्याचं भाषांतरच करायचं नाही, आधी विचारायचं. काय विचारायचं तेही पानावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे चार जण चार प्रश्न विचारत नाहीत. या शब्दापुढचा प्रश्न असा: पाणी कुठलं आहे, विहीर-बोअरचं की शेततळ्याचं, आणि ड्रिपरमध्ये वाळू सापडते की शेवाळ? दुकानदाराला एका फोनमध्ये याचं उत्तर देता येतं. आत जाणाऱ्या इंग्रजी ओळीत कोड आणि पाण्याचा स्रोत, दोन्ही लिहायचेच.

यानंतर एकदा चांदवडकडून ‘वाळूचा फिल्टर’ अशीच मागणी आली. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, ‘ताई, शेततळं आहे, पाणी हिरवंगार झालंय, वाळूबिळू काही नाही.’ तेव्हा नाव तेच आणि वस्तू दुसरी होती.

दोन पानं ठेवण्याचा फायदा आणखी एका ठिकाणी दिसला, तो ‘जाळी’ या शब्दाच्या बाबतीत. स्क्रीन फिल्टरच्या आत जी दंडगोल जाळी बसते तिला जाळी म्हणतात. फिल्टर किती बारीक गाळतो ते सांगणाऱ्या आकड्यालाही जाळीच म्हणतात, ‘एकशेवीसची जाळी’. काही ठिकाणी अख्ख्या स्क्रीन फिल्टरलाच जाळी म्हणतात. आम्ही बाहेर लिहिताना ‘जाळी’ फक्त आतल्या भागासाठी ठेवली, आकड्यासाठी ‘मेश’ आणि अख्ख्या वस्तूसाठी ‘स्क्रीन फिल्टर’. मेशच्या शेजारी मायक्रॉनही लिहायचा नियम केला, कारण दोन आकडे उलट्या दिशेने चालतात. मेश वाढला की छिद्र बारीक होतं आणि मायक्रॉन कमी होतो. ठिबकसाठी सगळ्यात जास्त खपतो तो १२० मेश, म्हणजे साधारण १३० मायक्रॉन. हे दोन आकडे जवळजवळ असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आमच्या क्वालिटी विभागात सगळी भाषा मायक्रॉनची आहे.

कोणता मराठी शब्द निवडायचा यावर आमच्यात मतभेद झाले, ते मुख्यतः व्हॉल्ववरून. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश `shabdakosh.marathi.gov.in` वर सहज पाहता येतात आणि मी ते नेहमी पाहते. व्हॉल्वला ‘झडप’ हा शब्द चांगला आहे, पाठ्यपुस्तकांमुळे सगळ्यांना माहीतही आहे. पण झडप म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला हृदय आठवतं. पाइपलाइनवर तो व्हॉल्व असतो किंवा कॉक असतो. आमच्या कॅटलॉगमध्ये बॉल व्हॉल्व, फ्लश व्हॉल्व, एअर व्हॉल्व अशा नावांची मालिकाच आहे. एकीला झडप केलं तर सगळ्यांना करावं लागेल, नाहीतर ‘फ्लश व्हॉल्व’ आणि ‘हवा झडप’ एकाच पानावर येतील. म्हणून व्हॉल्व ठरला. जिथे लोकांच्या तोंडी मराठी शब्द आहे तिथे तोच घेतला. डिस्क फिल्टरच्या आतल्या त्या खाचांच्या प्लॅस्टिकच्या गोल पट्ट्यांना सगळे चकत्या म्हणतात, मग चकत्याच, आणि चकतीवरच्या खाचांना चऱ्या. हे शब्द घेताना मला मनापासून आनंद झाला.

नाव ठरलं तरी मराठीत काम संपत नाही, कारण मराठी शब्द वाक्यात गेला की बदलतो. इंग्रजी यादीत नाव एका रूपात लिहिलं की पुरतं. मराठीत चकती, चकत्या, चकतीला, चकत्यांमध्ये असं होत जातं. म्हणून प्रत्येक नावापुढे आम्ही तीन गोष्टी लिहितो: लिंग, अनेकवचन आणि प्रत्यय लागण्याआधीचं सामान्यरूप. लिंग लिहिण्याचं कारण उसने शब्द. तो फिल्टर, ती लॅटरल, तो व्हॉल्व याबद्दल फारसा वाद नाही. ग्रोमेट, म्हणजे नळी जोडताना भोकात बसतं ते रबर, याबद्दल होता. कोणी ‘नवा ग्रोमेट बसवा’ लिहायचं, कोणी ‘नवं ग्रोमेट’. आम्ही नपुंसकलिंग ठरवलं. यात बरोबर-चूक असं काही नव्हतं, पण एका मेलमध्ये तो आणि दुसऱ्यात ते असेल तर वाचणाऱ्याला दोन वेगवेगळ्या वस्तू वाटू शकतात.

तपासणीतही हेच आड येतं. मजकुरात ‘चकती’ शोधलं तर ‘चकत्या’ सापडत नाही. म्हणून शोधायला अख्खा शब्द द्यायचा नाही, न बदलणारा तुकडा द्यायचा, ‘चकत’. बंदी असलेल्या नावांसाठीही तसंच. आम्ही बाहेर जाणारा मजकूर आधी गुगल शीटमध्ये ठेवतो, ओळीमागे एक वाक्य, आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र:

```
=REGEXMATCH(B2,"वाळू(चा|ची|चे|च्या) फिल्टर|झडप|वॉल्व्ह")
```

कंसातल्या प्रत्ययांमुळे ‘वाळूच्या फिल्टरला’ हेसुद्धा पकडलं जातं. उत्तर TRUE आलं की ती ओळ माणसाने पाहायची. आपोआप बदल करायचा नाही, हा नियम मी आग्रहाने ठेवला आहे. ‘सँड फिल्टरमधली वाळू बदला’ या वाक्यात वाळू बरोबरच आहे, आणि एखाद्या उत्तरात दुकानदाराचाच शब्द अवतरणात घ्यावा लागतो. यंत्राने शब्द दाखवावा, बदलायचा की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं.

देवनागरीतली एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲडाप्टर’मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ॲ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरा म्हणजे अ लिहून त्यावर ॅ ही खूण देणं, जी जुन्या कीबोर्डवरच्या सवयीमुळे अजून चालते. पडद्यावर बहुतेक वेळा दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दिला की दुसरा सापडत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत. यादीत ॲडाप्टर आहे, मजकुरात ॲडाप्टर दिसतोय, आणि तपासणी म्हणते नाही. असं झालं की त्या रकान्यावर UNICODE हे सूत्र चालवून पाहायचं. पहिलं अक्षर स्वतंत्र ॲ असेल तर २४१८ येतं, नुसता अ असेल तर २३०९. आम्ही यादीत स्वतंत्र ॲ ठेवला आणि तपासणीआधी सगळा मजकूर या सूत्रातून काढतो:

```
=SUBSTITUTE(B2,"अॅ","ॲ")
```

कॅटलॉगचं दुखणं मोठं आहे. कॅटलॉग छपाईला जातो तेव्हा मांडणी करणारे अजूनही पुष्कळदा युनिकोडच्या आधीचे जुने फॉन्ट वापरतात. त्या फाइलमध्ये दिसायला मराठी असतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत. तिथून मजकूर उचलून शीटमध्ये टाकला की नुसती निरर्थक अक्षरं येतात, आणि तपासणीचं कोणतंही सूत्र चालत नाही. मांडणी झाल्यावर प्रूफवर हाताने केलेली दुरुस्ती मूळ मजकुरात परत येत नाही, आणि पुढच्या वर्षी जुनी चूक नव्या कॅटलॉगमध्ये पुन्हा उगवते. यावर आम्हाला एकच उपाय सापडला. नावांपुरती दुरुस्ती प्रूफवर करायचीच नाही. शीटमध्ये करायची, तिथे तपासायची आणि ते वाक्य मांडणीवाल्याला पुन्हा पाठवायचं. त्याला याचा त्रास होतो, तो बोलूनही दाखवतो, पण नाव ठरवायची जागा एकच राहते.

नाव बदलायचं ठरलं तर काय, हाही प्रश्न येतो. डिस्क फिल्टरला आमच्या जुन्या कॅटलॉगमध्ये ‘चकती फिल्टर’ छापलं होतं. ते बदलून ‘डिस्क फिल्टर’ केलं, पण जुने कॅटलॉग दुकानांच्या काउंटरवर तसेच पडून होते. म्हणून यादीतून जुनं नाव पुसलं नाही. त्यापुढे ‘जुने’ असा शेरा आणि बदलाची तारीख टाकली, आणि नवा कॅटलॉग सगळीकडे पोहोचेपर्यंत प्रत्येक उत्तरात पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘डिस्क फिल्टर, जुन्या कॅटलॉगमध्ये चकती फिल्टर’ असं लिहिलं. आमच्यातले एक सहकारी ओमेगाटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तीन रकान्यांत देता येते, मूळ शब्द, भाषांतर आणि शेरा, आणि भाषांतर करताना ती शेजारी दिसते. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये आधी केलेली वाक्यं साठवलेली असतात. यादीत नाव बदललं म्हणून साठवलेल्या वाक्यांतलं नाव बदलत नाही. तेच जुनं वाक्य पुन्हा समोर येतं, मोह होतो, आणि चकती फिल्टर परत मेलमध्ये जातो. त्यामुळे नाव बदललं त्या दिवशी साठवणीतही शोधून बदलायचं, हे आता बदलाच्या कामाचाच भाग आहे.

नाव कोणी ठरवायचं, यावरही थोडं सांगायला हवं. सुरुवातीला मला वाटायचं भाषा आमची, म्हणून ठरवणार आम्ही. तसं चालत नाही. वस्तू कोणती, हे डिझाइनचा माणूस सांगतो. लोक तिला काय म्हणतात, हे सेल्सचा माणूस सांगतो, कारण तो दर आठवड्याला दुकानांत बसतो. बिलावर काय लिहायचं, हे अकाउंट्सचं, कारण ठिबकच्या अनुदानाच्या प्रकरणात बिल जोडावं लागतं आणि तिथे वस्तूचं नाव मानकातल्या नावाशी जुळलेलं बरं. भाषांतर करणाऱ्याकडे वाक्यात ते नाव कसं चालेल याची जबाबदारी उरते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ज्याने होकार दिला त्याचा विभाग आणि तारीख असते. ओळ अडली की कोणाला फोन करायचा ते तिथे दिसतं.

यादी लहान ठेवली आहे. आयटमच्या यादीत जे आहे तेच, आणि ज्याला दोन नावं पडू शकतात तेच. ‘टिकाऊ’, ‘दर्जेदार’, ‘सुलभ’ असे शब्द कोणी सुचवले तर मी नाही म्हणते. त्या शब्दांनी चुकीचा माल जात नाही, आणि यादी लांबली की माणसं ती उघडायचं सोडतात.

काही शब्द मात्र अजून सुटलेले नाहीत. ‘रबर’ त्यातला सगळ्यात अवघड. लॅटरल सबमेनला जोडताना भोकात बसतं ते ग्रोमेट, फिल्टरच्या झाकणाखालची गोल पट्टी, फ्लश व्हॉल्वमधली छोटी ओ-रिंग, या सगळ्यांना शेतकरी रबर म्हणतो, काही वेळा वायसर म्हणतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागा सुरू झाल्या की ‘रबर पाठवा, लवकर’ असे मेल आणि मेसेज एकामागून एक येतात. त्या वेळी पाण्याचा स्रोत विचारून उपयोग नसतो, आणि आकार विचारला तर ‘नेहमीचा’ असं उत्तर येतं. बाहेर लिहायची नावं ठरली आहेत: ग्रोमेट, झाकणाचं गॅस्केट आणि ओ-रिंग. आत येणाऱ्या पानावर ‘रबर’ या शब्दापुढे तीन कोड आहेत आणि विचारायचं एकच वाक्य आहे: जुनं रबर जिथून काढलं त्या जागेचा आणि रबराचा, शेजारी नाणं ठेवून, फोटो पाठवा. फोटो आला की कोड सापडतो. फोटो येईपर्यंत त्या मेलचं इंग्रजी करायचं नाही.